6700K सांगून 6700T विकला: ठाण्यातला पीसी खरेदीचा अनुभव

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून भाच्यासाठी सेकंडहँड पीसी घेतला. त्याला व्हिडिओ एडिटिंग करायचं होतं. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोसेसर i7-6700K असं लिहून पाठवलं, "अनलॉक्ड आहे साहेब, एकदम फास्ट" असं तोंडीही सांगितलं. बावीस हजार रुपये घेतले आणि बिलावर मात्र नुसतं ‘कोअर आय सेव्हन पीसी’ लिहिलं.

घरी व्हिडिओ एक्सपोर्ट होता होईना, तेव्हा Settings मध्ये System आणि मग About उघडलं. तिथे Processor समोर होतं: i7-6700T CPU @ 2.80GHz.

आकडा तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. डेस्कटॉपच्या इंटेल चिपवर K असेल तर ती अनलॉक्ड, म्हणजे तिचा वेग वाढवता येतो. T असेल तर ती कमी विजेची. 6700K ला 91 वॅट लागतात आणि तिचा मूळ वेग 4 गिगाहर्ट्झ आहे. 6700T 35 वॅटमध्ये भागवते, वेग 2.8. चार कोअर, आठ थ्रेड दोन्हींत सारखेच, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये कोअर मोजून काहीच कळत नाही. T चिप वाईट नसते. ऑफिसच्या छोट्या डब्यासारख्या पीसीत ती तापत नाही म्हणून वापरतात. पण तासभर एक्सपोर्ट चालवायला ती घेऊ नये. मदरबोर्डही H110 निघाला. त्यावर खरी K बसवली असती तरी ओव्हरक्लॉक झालं नसतं, म्हणजे वेग वाढवता आला नसता, त्यासाठी Z170 सारखा बोर्ड लागतो.

आणि खरी K मिळाली असती तरी पिढी जुनीच होती. 6700 मधला पहिला 6 म्हणजे सहावी पिढी, 2015 सालची. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत ती नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. i7 हे नाव फक्त त्या पिढीतली पायरी सांगतं. बाराव्या पिढीचा i3-12100 या i7 ला सहज मागे टाकतो. पाच आकडे असतील तर पहिले दोन म्हणजे पिढी. लॅपटॉपमध्ये मात्र जपा: 1165G7 किंवा 1235U मध्ये आकडे चारच, तरी त्या अकराव्या आणि बाराव्या पिढीच्या आहेत. उलट i7-5500U पाचव्या पिढीची आणि दोनच कोअरची, तरी i7 म्हणूनच विकली जाते.

पैसे देण्याआधी पीसी तिथेच चालू करायला लावा, About मधलं नाव अक्षरासकट वाचा, इंटेलच्या साइटवर तेच नाव टाकून वॅट आणि साल बघा. मग ते पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर जाऊ नका, ते कुणीही चिकटवतं.

दुकानदार आता म्हणतो, "आय सेव्हनच दिलाय ना?" त्याचा 6700K वाला मेसेज, बिल आणि स्क्रीनचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार केली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.