सीटची उंची: टाचेने ठरवायची की गणिताने?

लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी सीटची उंची ठरवायच्या दोन पद्धती सर्रास वापरल्या जातात.

पहिली टाचेची. सायकलिंगचे बूट घालून, भिंतीला टेकून सीटवर बसा आणि टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. दोन मिनिटांत काम होतं, शिवाय बुटाच्या तळव्याची जाडी आणि पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याची, म्हणजे क्रँकची, लांबी आपोआप धरली जाते. मात्र कंबर एका बाजूला कलली, तर अंदाज चुकतो.

दुसरी अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे गाजलेली. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी असेल तर क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंमी. आकडा नेमका दिसतो खरा, पण त्यात क्रँकची लांबी कुठेच नाही. १७० मिमीऐवजी १६५ची क्रँक लावली, तर पेडल तळाशी ५ मिमी वर राहतं. सूत्राला त्याचा पत्ताच नसतो.

माझं मत टाचेच्या बाजूने, आकडा पडताळणीपुरता. दोन्हींत फरक पडला, तर कमी उंचीपासून सुरुवात करावी. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. बदल एका वेळी ३ मिमीचाच.

जांघेत मुंग्या येत असतील, तर आधी मागून कुणाला तरी बघायला सांगा: कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल, तर सीट उंच आहे. डोलत नसेल, तर सीटचं टोक वर उचललेलं नाही ना, हँडल फार लांब नाही ना, हे तपासा.