शब्दसूची, सारांश की पॉलिसी नव्याने लिहायची?

कंपनीची डेटा प्रायव्हसी पॉलिसी "सगळ्यांना कळेल अशी करा" असं काम अंगावर आलं की समोर तीन रस्ते असतात. मजकूर तसाच ठेवून मागे शब्दसूची जोडायची, वर एक पानाचा सारांश टाकायचा, किंवा पॉलिसीच नव्याने लिहायची. मी तिन्ही करून पाहिलंय. एकच कलम तिन्ही पद्धतींतून फिरवून दाखवतो, म्हणजे फरक लगेच दिसेल.

कलम असं होतं: "वैयक्तिक माहितीच्या गोपनीयतेचा, अखंडतेचा वा उपलब्धतेचा भंग निदर्शनास आल्यास कर्मचाऱ्याने डेटा संरक्षण अधिकाऱ्यास विनाविलंब अवगत करावे."

आता समजा कोणीतरी पगाराची शीट चुकून दुसऱ्याच माणसाला मेल केली. हे वाचून तो काय करेल? बहुतेक वेळा काहीच नाही, कारण "भंग" म्हटलं की डोक्यात हॅकर येतो, मेलचा पत्ता चुकणं त्यात मोडतं हे सुचतच नाही.

शब्दसूची सगळ्यात स्वस्त, लीगलवाले पण खूश कारण मूळ मजकुराला कोणी हात लावत नाही. पण ज्याला शब्द अडलाय हे कळतं तोच सूची उघडणार ना! "भंग" किंवा "प्रोसेसिंग" कोणाला अडतच नाही, दोन्ही ओळखीचे वाटतात. प्रोसेसिंग म्हणजे काहीतरी आकडेमोड असं लोक धरून चालतात, खरं तर फाइल नुसती उघडून बघणं, साठवून ठेवणं, डिलीट करणं हे सगळंच त्यात येतं. जो शब्द कळल्यासारखा वाटतो त्याचा अर्थ शोधायला कोण मागच्या पानावर जाईल? म्हणून माझ्या मते एकट्या शब्दसूचीवर भागवणं म्हणजे काम केल्याचं दाखवणं.

सारांश लोक खरंच वाचतात, हे मान्य. आम्ही वर लिहिलं, "काही गडबड वाटली तर लगेच कळवा." छान, सोपं. पण लगेच म्हणजे आज, की सोमवारी? खाली मूळ कलमात नंतर २४ तासांची मुदत घातली गेली, वरचा सारांश बदलायचा राहिला, आणि मग दोघांत कोणतं खरं यावर वाद. सारांश ठेवणार असाल तर दोन्ही मजकूर एकाच फाइलमध्ये, एकाच माणसाच्या ताब्यात हवेत आणि वाद झाला तर कोणता मजकूर धरायचा ते वर लिहिलेलं हवं. तेवढी शिस्त असेल तर चालतं, वेळ कमी असेल तेव्हा मीही हेच निवडेन.

नव्याने लिहिलं तेव्हा तेच कलम असं झालं: "चुकीच्या माणसाला मेल गेला, लॅपटॉप हरवला, फाइल सगळ्यांना दिसत राहिली, यातलं काही झालं किंवा झालं असावं असं वाटलं, तर एका तासात प्रायव्हसी टीमला फोन करा. खात्री करत बसू नका, मेल परत ओढायचा प्रयत्न करत थांबू नका." एक तास का, तर जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा लागू असेल तिथे लोकांना धोका होऊ शकेल अशी गळती कंपनीला कळल्यापासून साधारण ७२ तासांत नियामकाला कळवावी लागते. कर्मचारी दोन दिवस गप्प बसला की तपासाला वेळच उरत नाही.

पण इथेच हात जरा आखडता घ्यायचा. "ॲनोनिमाइज्ड" आणि "स्यूडोनिमाइज्ड" या दोन्हीला आम्ही आधी "नाव काढलेला डेटा" केलं, वाचायला मस्त, अर्थाने चूक. स्यूडोनिमाइज्डमध्ये नावाच्या जागी कोड असतो आणि कोणता कोड कोणाचा ही यादी वेगळी जपलेली असते, म्हणजे माणूस परत ओळखता येतो आणि पॉलिसीचे सगळे नियम त्याला लागूच राहतात. ॲनोनिमाइज्डमध्ये परत जायची वाटच नसते. असे दोनचार शब्द ठेवायचे आणि जागेवरच एका वाक्यात समजावायचे. याउलट "डेटा प्रोसेसर" बिनधास्त काढता येतो, "आपल्या सांगण्यावरून आपला डेटा हाताळणारी बाहेरची कंपनी" म्हटलं की झालं.

नव्याने लिहायला वेळ जातो तो लिहिण्यात नाही, लीगलबरोबर "विनाविलंब"चा तास ठरवण्यात. तो आकडा द्यायला ते तयार नसतील तर हा रस्ता अर्धवटच राहतो, मग सारांश बरा.

अजून ठरत नसेल तर पगाराच्या शीटचा प्रसंग वेगवेगळ्या टीममधल्या पाच जणांना द्या, समोर पॉलिसी ठेवा आणि विचारा, आत्ता कोणाला कळवशील आणि किती वेळात. "कळलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.