फिरत्या वाचनालयाच्या गाडीचा खर्चाचा तक्ता: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

२४ गावं, एक छोटी डिझेल व्हॅन, एक ड्रायव्हर, एक ग्रंथपाल आणि दर पंधरवड्याला प्रत्येक गावात एक थांबा, एवढ्यासाठी हा तक्ता आहे. अशा बहुतेक तक्त्यांमध्ये पहिल्याच ओळीत रक्कम असते. यात रक्कम शेवटच्या रकान्यात येते. आधी किलोमीटर, तास, लिटर आणि पुस्तकं भरायची, मग त्या त्या ठिकाणचा दर लावायचा. सुरुवातीला हे वेळखाऊ वाटतं, पण डिझेलचा दर बदलला की एकच खाना बदलावा लागतो आणि बाकीचा हिशेब जसाच्या तसा राहतो. मुख्य म्हणजे खर्च नेमका कुठे वाढला हे कळतं. नुसत्या रकमेवरून ते कधीच कळत नाही.

सगळ्याचा पाया वेळापत्रक. पंधरवड्यात दहा कामाचे दिवस. त्यातले आठ फेरीचे, रोज तीन गावं. उरलेले दोन शुक्रवार नेहमीच्या फेरीचे नाहीत: पहिला शुक्रवार पुस्तकं बदलण्यासाठी, दुसरा चुकलेली फेरी भरून काढण्यासाठी. हा दुसरा शुक्रवार रिकामा दिसतो म्हणून बजेट तपासणाऱ्याची नजर हमखास त्यावर जाते आणि ‘इथे आणखी तीन गावं बसतील’ अशी सूचना येते. बसवू नयेत. रस्ता बंद झाला किंवा टायर फाटला आणि एक फेरी बुडाली, तर त्या तीन गावांना पुढची गाडी थेट चार आठवड्यांनी दिसते. तोवर घरी गेलेली पुस्तकं तिथेच अडकतात आणि पुढच्या थांब्याला नेण्यासारखी पुस्तकं गाडीत कमी पडतात. शुक्रवार मोकळा राहिलाच, तर तो गॅरेजला द्यावा.

दिवसाला तीनच गावं का, हे तासांच्या रकान्यात दिसतं. फेरी सरासरी ६० किलोमीटरची. गावाकडच्या रस्त्यावर ताशी २५ ची सरासरी पडते, म्हणजे चालवण्यात दोन तास चोवीस मिनिटं. प्रत्येक थांबा एक तासाचा, शिवाय पायरी-टेबल लावायला आणि आवरायला दहा मिनिटं, असे तीन थांब्यांचे साडेतीन तास. सकाळी गाडी तपासायला वीस मिनिटं, संध्याकाळी झाडलोट आणि लॉगबुकला चाळीस. बेरीज सहा तास चौपन्न मिनिटं. जेवणाची सुट्टी धरली की जवळपास साडेसात. चौथं गाव घातलं की थांब्याचे सत्तर मिनिटं आणि वाढीव वीस किलोमीटरचे अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. दिवस साडेनऊ तासांच्या आसपास जातो आणि ओव्हरटाइम सुरू होतो. ओव्हरटाइम द्यायचा नसला तर थांबे अर्ध्या तासावर येतात. मग देवघेव घाईत उरकते, नोंदी चुकतात आणि पुस्तक कोणाकडे आहे हे पुढच्या वेळी शोधत बसावं लागतं.

तक्त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट इंधनाच्या भागात आहे. सूत्र असं:

```
=B2*B3*1.1/B4 + B5*B6
```

B2 मध्ये एका पंधरवड्याचे किलोमीटर (४८०), B3 मध्ये वर्षातल्या प्रत्यक्ष फेऱ्यांचे पंधरवडे (२४), B4 मध्ये मायलेज. १.१ ने गुणलंय ते पंप, गॅरेज आणि वळसे यांच्यासाठी. हे दहा टक्के कोणी धरत नाही आणि ते लागतातच. मायलेज कंपनीच्या कागदावरचं भरू नये. पुस्तकं, मांडणी आणि दोन माणसं घेऊन खराब रस्त्यावर अशी गाडी लिटरला १० किलोमीटर देईल असं धरलं, तर धावण्याचं डिझेल १,२६७ लिटर होतं.

अधिक चिन्हानंतरचा भाग थांब्यावर इंजिन चालू ठेवण्याचा आहे: B5 मध्ये उभ्या गाडीचे वर्षाचे इंजिन-तास, B6 मध्ये तासाला लागणारे लिटर. आत दिवे आणि पंखे लागतात, लॅपटॉप चार्ज करायचा असतो, म्हणून ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. रोजचे तीन तास, वर्षाला १९२ फेऱ्या, म्हणजे ५७६ तास. छोटं डिझेल इंजिन जागेवर तासाला अदमासे ०.८ लिटर पितं. हे झाले ४६१ लिटर, म्हणजे धावण्याच्या डिझेलच्या एक तृतीयांशाहून जास्त, आणि गाडी एक इंचही हललेली नाही. बहुतेक तक्त्यांत ही ओळच नसते. त्यामुळे नवव्या महिन्याच्या आसपासच इंधनाची तरतूद संपत येते आणि बोट ड्रायव्हरकडे दाखवलं जातं.

लॉगबुकातलं एक पान पाहिलं की हा घोळ कसा होतो ते समजतं. फेरी ६० किलोमीटर, धावायला लागलं ६ लिटर. जागेवर तीन तासांत गेलं २.४ लिटर. टाकी टू टाकी मोजलं तर ८.४ लिटर भरलं, आणि साध्या भागाकाराने मायलेज येतं ७.१. गाडी खरं तर १० देतेय. डिझेल चोरीला गेलेलं नाही आणि इंजिनही बिघडलेलं नाही. म्हणून लॉगबुकात किलोमीटरच्या शेजारी ‘उभ्या गाडीचे इंजिन-तास’ असा रकाना हवाच. ते तास वजा करूनही मायलेज साडेआठच्या खाली येत असेल, तर मग टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि अडकून राहणारा ब्रेक या क्रमाने तपासावं. फेरीनंतर चाकाच्या रिमजवळ हात नेला आणि एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं, तर ब्रेक घासतोय हे तिथेच कळतं.

उपाय दुसऱ्या बॅटरीचा. चार एलईडी दिवे ४० वॅट आणि दोन छोटे पंखे ४० वॅट, मिळून ८० वॅट. तीन तासांचे २४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची डीप सायकल बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नसते, तरीही लॅपटॉपसह दिवस आरामात निघतो. ती गाडीच्या मूळ बॅटरीला थेट जोडू नये. मध्ये रिले हवा, नाहीतर तिसऱ्या गावात दोन्ही बॅटऱ्या एकदमच बसतात आणि गाडी ढकलावी लागते. पुस्तकांची गाडी ढकलणं हे काही गमतीचं काम नाही. १,२०० पुस्तकांचंच वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जातं. टपावर एक सौर पॅनल बसवलं तर शनिवार-रविवारी बॅटरी पूर्ण भरून राहते. हा खर्च एकदाच करायचा असल्याने तो भांडवली ओळीत जातो. नव्या डिझेल गाड्यांत आणखी एक फायदा: जागेवर फार वेळ चालणाऱ्या इंजिनात धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचते, ते टळतं.

ड्रायव्हरच्या ओळीत एक चूक सर्रास दिसते: पगारही चोवीस पंधरवड्यांचाच धरला जातो. इंधन चोवीस पंधरवड्यांचं धरायचं, पण पगार पूर्ण बारा महिन्यांचा. सुट्ट्या आणि बंद आठवडे पगारातून कापले जात नाहीत. शिवाय बदली ड्रायव्हरचे दिवस वेगळे लिहावे लागतात. १९२ फेऱ्यांसाठी वीस दिवस ठीक वाटतात. ग्रंथपालाकडे परवाना असला तर बदली नको, असं सुचवलं जातं. पण मग गाडी लावून देवघेवही त्यानेच करायची, आणि तासाभरात चाळीस पुस्तकं देणं, तेवढीच परत घेणं एका माणसाला झेपत नाही. विम्यात त्याचं चालवणं बसतं का, तेही आधी पाहावं लागतं.

पुस्तकांच्या भागात मात्र तक्त्याने आम्हाला थोडं नाराज केलं. एकूण साठा ३,००० धरलाय: गाडीत १,२००, वाचकांकडे साधारण १,४००, कोठीत ४००. हे बरोबर आहे. सरासरी दीड सेंटिमीटर जाडीने १,२०० पुस्तकांना १८ मीटर फळी लागते, आणि परत येणाऱ्यांसाठी थोडी जागा रिकामी ठेवावी लागते, हेही त्यात आहे. दर पंधरवड्याला १५० पुस्तकं बदलायची, म्हणजे आठ पंधरवड्यांत गाडी पूर्ण नवी. दोन माणसांना शुक्रवारचे अडीच तास पुरतात, कारण १५० आत आणि १५० बाहेर, प्रत्येकी मिनिटभर. कुठली उतरवायची याचा नियमही सोपा आहे: दोन पंधरवड्यांत एकदाही न गेलेली आधी.

उणीव आहे ती वाटपाची. नवी १५० पुस्तकं सोमवारी एकदम मांडणीत लावली की सोमवारच्या पहिल्या गावात त्यातली चांगली चांगली उचलली जातात. त्यानंतरच्या आठवड्यातल्या गुरुवारी शेवटच्या गावासमोर जे उरतं ते उरतं. तिथली देवघेव हळूहळू घसरते आणि तक्ता पाहणारा म्हणतो, या गावात वाचकच नाहीत, थांबा बंद करा. वाचक असतात, पण त्यांच्यापर्यंत पुस्तकच पोचलेलं नसतं. फेरीची दिशा दर वेळी उलटी करणं हा सुचणारा पहिला उपाय, पण त्याने गावात यायची वेळ बदलते आणि शाळा सुटायच्या वेळेशी मेळ राहत नाही. त्यापेक्षा १५० पुस्तकांची आठ खोकी करावीत, प्रत्येक फेरीचं एक, १८-१९ पुस्तकांचं. फेरीचं खोकं त्याच दिवशी उघडायचं, आणि त्यातही तिसऱ्या गावासाठी सहा पुस्तकं बांधूनच ठेवायची. तक्त्यात यासाठी ‘खोके क्रमांक’ हा एकच रकाना वाढवला की काम होतं. तो मुळातच असायला हवा होता.

झीज मोजताना ‘दरसाल दहा टक्के पुस्तकं बाद’ असा ठोकताळा लावला जातो, तो इथे कमी पडतो. थांब्याला ४० पुस्तकं धरली तर वर्षाला २३,०४० वेळा देवघेव होते. साधी कागदी बांधणी सरासरी ४० वेळा हातात टिकते असं मानलं, तर वर्षाला ५७६ पुस्तकं निकामी होतात, म्हणजे साठ्याच्या एकोणीस टक्के. लहान मुलांची चित्रपुस्तकं त्याआधीच जातात. त्यांचा टिकाऊपणाचा आकडा वेगळ्या खान्यात ठेवावा. आणताक्षणी कणा चिकटपट्टीने बांधला आणि प्लास्टिकचं वेष्टण घातलं तर हा आकडा बराच सुधारतो, म्हणून वेष्टणाचं साहित्य ही स्वतंत्र ओळ असावी, ‘किरकोळ’मध्ये घुसडू नये.

कपात करायची वेळ आली की पहिला बळी सगळ्यात लांबच्या गावाचा जातो. तक्त्यात ते गाव खोडून पाहावं. जाऊन-येऊन १४ किलोमीटर वाचले तर वर्षाला ३३६ किलोमीटर, म्हणजे वळशांचे दहा टक्के धरून धावण्याचं जेमतेम ३७ लिटर. पगार, विमा, कर, सगळं तेवढंच राहतं. उभ्या गाडीच्या ४६१ लिटरच्या रकान्यासमोर ही बचत काहीच नाही.

फेरी सरासरी ८० किलोमीटरच्या पुढे जात असेल तर हा तक्ता जसाच्या तसा वापरू नका. ८० लाच जेवणासकट दिवस सव्वाआठ तासांचा होतो. त्यापुढे दिवसाला दोन गावं धरावीत. मग याच आठ दिवसांत सोळाच गावं होतात, आणि साठ्यापासून पुस्तकांच्या खोक्यांपर्यंत सगळे आकडे नव्याने भरावे लागतात.