पाच हजारांचं कर्ज, हातात एकतीसशे: ॲपवरून पैसे घेण्याआधी हे वाचा

कोल्हापुरात रूम करून राहणाऱ्या, घरून महिन्याला ठरावीक पैसे येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या एका ॲपनं मला कसं लुबाडलं ते आकड्यांसकट सांगतो. धमक्या, शिवीगाळ हे सगळं नंतर आलं. खरी लूट तारखांमध्ये होती, आणि ती समजून घेतली नाही तर पुढचा माणूस तसाच अडकेल.

माझं गाव आजरा तालुक्यात. घरी दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यातून बाबा 10 तारखेला साडेसहा हजार पाठवतात. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतो, त्याचे 1800 आणि मेसचे 2600 त्याच दिवशी जातात. उरलेल्या 2100 मध्ये केएमटी, रिचार्ज, झेरॉक्स, नाष्टा आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हाचं जेवण. काटकसरीनं एवढ्यात भागतं. पण त्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म निघाला. 22 तारखेला माझ्याकडे 700 रुपये होते, फी 1150, आणि मुदत 24 पर्यंत. घरी म्हैस आटली होती, बिल निम्म्यावर आलं होतं. बाबांकडे मागायला तोंड उघडेना.

त्याच दिवशी मोबाईलवर मेसेज आला: विद्यार्थ्यांसाठी कर्ज, पगाराचा दाखला नको. लिंकवरून ॲप घेतलं. त्याच्या माहितीत परतफेडीची मुदत 91 दिवस लिहिलेली होती. आधार, पॅन, सेल्फी दिल्यावर त्यानं कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी मागितली. ती दिल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं. नंतर ‘5000 मंजूर’ असं आलं आणि खात्यात जमा झाले 3100. प्रोसेसिंग फी, सेवा शुल्क अशा नावांखाली 1900 आधीच कापलेले. परतफेडीची तारीख होती 29, म्हणजे सातव्या दिवशी. 91 दिवसांचा कुठे मागमूस नव्हता.

आता हे नीट बघा. 3100 वापरायचे आणि आठवड्यात 5000 द्यायचे, म्हणजे सात दिवसांना 61 टक्के. वर्षाच्या हिशेबानं हा दर तीन हजार टक्क्यांच्या वर जातो. पण दरापेक्षाही घातक आहे ती सात दिवसांची मुदत. ज्याला पैसे महिन्यातून एकदाच मिळतात, तो सातव्या दिवशी 5000 आणणार कुठून? 22 ते 10 या मधल्या काळात परतफेडीची तारीख दोनदा येणारच. कर्ज देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्यासाठीच ॲपमध्ये ‘मुदतवाढ’ नावाचं बटण असतं.

27 तारखेपासूनच फोन सुरू झाले. 29 ला मी मुदतवाढीचे 1750 भरले. फी भरून त्यांच्याच कर्जातलं जे उरलं होतं, त्यातूनच ते गेले. मुद्दल मात्र 5000 चं 5000 राहिलं, फक्त तारीख सात दिवस पुढे गेली. 6 तारखेला पुन्हा 1750, या वेळी रूममेटकडून उसने घेऊन. 10 ला घरचे पैसे आले आणि त्यातले 5000 भरून टाकले. 3100 च्या बदल्यात 8500 गेले. हातात उरले दीड हजार, त्यातून रूम, मेस आणि रूममेटचे उसने सगळंच द्यायचं बाकी.

कर्ज मिटलं असं वाटलं. दोन दिवसांनी खात्यात न मागता 2800 रुपये येऊन पडले आणि ॲपमध्ये पुन्हा 5000 बाकी दिसू लागली. मी पैसे मागितलेच नाहीत असं सांगितल्यावर समोरच्यानं माझ्या कॉन्टॅक्टमधली नावं एकेक वाचून दाखवली. संध्याकाळी मेसच्या काकूंना फोन गेला की हा चोर आहे, पैसे बुडवून पळालाय. मग बाबांना. चुलत बहिणीच्या व्हॉट्सॲपवर माझा सेल्फी अश्लील फोटोला जोडून पाठवला. काकूंनी मला बाजूला बोलावून विचारलं, “बाळ, कुठल्या भानगडीत अडकलायस का? पैशाचं नंतर बघू, आधी जेव.” बाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. आम्ही दोघं सायबर पोलीस ठाण्यात गेलो.

कुणावर ही वेळ आली तर ॲप काढून टाकायची घाई करू नका. आधी कर्जाचं पान, जमा आणि भरणा झाल्याचे तपशील, ज्या ज्या यूपीआय आयडीवर पैसे दिले ते, आणि धमक्यांचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. मला दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचा यूपीआय आयडी दिला होता. तक्रारीत तेच सगळ्यात उपयोगी पडलं. मग परवानग्या बंद करून ॲप काढा. 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 ला तासाभराचाही उशीर करू नका, कारण पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते ती लवकर कळवलं तरच. ओळखीच्यांना एकच मेसेज टाका की माझा फोन नंबर आणि फोटो चोरीला गेलेत, काही आलं तर उघडू नका, उत्तर देऊ नका. मी तो टाकल्यावर धमकीतला जोरच गेला. न मागता आलेले 2800 मी खर्च केले नाहीत, त्यांच्या लिंकवर परतही पाठवले नाहीत. तक्रारीत आणि बँकेला दिलेल्या अर्जात त्यांची नोंद केली.

कर्जाचं ॲप खरं की खोटं हे पैसे घेण्याआधी कळू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज कुठली बँक किंवा वित्तसंस्था देते ते सांगावं लागतं, आणि फीसकट वर्षाचा एकूण दर लिहिलेलं माहितीपत्रक सही करण्याआधी द्यावं लागतं. परतफेडही थेट त्या संस्थेच्याच खात्यात व्हायला हवी, कुणा खासगी माणसाच्या यूपीआयवर नाही. कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायची परवानगी अशा ॲपला नाहीच. नियमाखाली येणाऱ्या संस्थांच्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेनं 2025 पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. यादीत नाव असलं तरी माहितीपत्रकातला दर वाचाच.

माझी अडचण होती साडेचारशे रुपयांची आणि अठरा दिवसांची. मेसच्या काकू निम्मे पैसे पुढच्या महिन्यात घेतात, हे त्यांना विचारल्यावर कळलं. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, तिची चौकशी अडचण यायच्या आधी करून ठेवा. आणि घरी सांगा. बाबा पोलीस ठाण्याबाहेर एवढंच म्हणाले, “साडेचारशे तर मी शेजाऱ्याकडून आणले असते.”

फोन हळूहळू थांबले. 8500 परत मिळालेले नाहीत. आधार-पॅन त्यांच्याकडे गेलं असल्यामुळे माझ्या नावावर दुसरं कर्ज काढलंय का हे बघायला क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतो. त्यात अजून काही निघालेलं नाही. दर काही महिन्यांनी एका ब्युरोकडून काढून बघतोय.