घड्याळ लावायचं की कॉलन्या मोजायच्या? एचएफआर मेटिंगचे दोन रस्ते

एमएस्सीच्या प्रोजेक्टला एचएफआर, म्हणजे आपलं गुणसूत्र दुसऱ्या पेशीत सरकवणारा ई. कोलाय जिवाणू, घेतलेली मुलं कोल्हापुरात मला हमखास एकच प्रश्न विचारतात: ठरावीक वेळांना जोड्या तोडून इंटरप्टेड मेटिंग करू, की मेटिंग न तोडता कोणतं जनुक किती पोचलं त्याचा नुसता ग्रेडियंट काढू? ई. कोलायच्या गुणसूत्रावर जनुकं कोणत्या क्रमाने बसलीत ते दोन्हींतून कळतं. कष्ट मात्र सारखे नाहीत.

कोल्हापूर स्टँडवरून पुण्याकडे सुटलेल्या गाड्या डोळ्यासमोर आणा. आधी कराड, मग सातारा. दोन्ही ठिकाणी घड्याळ घेऊन माणूस उभा केला की पहिली गाडी कधी आली त्यावरून क्रम आणि अंतर दोन्ही कळतं. पण गाड्या वाटेत कुठेही बंद पडणाऱ्या असतील, तर घड्याळ नसलं तरी चालतं. कराडला किती पोचल्या आणि साताऱ्याला किती, एवढं मोजलं की झालं. एचएफआर पेशीतला डीएनए ठरावीक टोकापासून सरकत एफ-मायनस, म्हणजे डीएनए घेणाऱ्या, पेशीत जातो, आणि जोडी मध्येच आपोआप तुटत असते. अख्खं गुणसूत्र जायला ३७ अंशांना सुमारे १०० मिनिटं लागतात. तेवढा वेळ फार थोड्या जोड्या टिकतात.

ग्रेडियंटचं काम सोपं. मेटिंग तासभर किंवा जास्त चालू द्या, एकदाच प्लेटिंग करा, प्रत्येक जनुकाच्या कॉलन्या मोजा. एका दिवसात उरकतं. पण हाती येतो तो क्रम, मिनिटं नाहीत.

घड्याळाच्या पद्धतीत हात जास्त चालवावा लागतो. वाढीच्या जोमात असलेल्या दोन्ही कल्चर एकास दहा प्रमाणात मिसळायच्या, एफ-मायनस जास्त. पाच मिनिटांनी शंभरपट डायल्यूट करायचं, म्हणजे नव्या जोड्या जुळत नाहीत आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटल्यासारख्या होतात. मग दर पाच मिनिटांनी थोडं काढून व्होर्टेक्सवर जोरात घुसळायचं आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या प्लेटवर टाकायचं. एचएफआर तिथे मरतो, एफ-मायनस प्रतिरोधक असल्यामुळे तगतो. अट एवढीच की एचएफआरचं स्ट्रेप्टोमायसिनचं जनुक बरंच उशिरा जाणारं हवं, नाहीतर नवं जनुक मिळालेल्या आपल्याच रिकॉम्बिनंट कॉलन्या मरतात.

उदाहरणादाखल आकडे धरू. लॅक, म्हणजे लॅक्टोज पचवणारं जनुक, निवडणाऱ्या प्लेटवर १५ मिनिटांना शून्य, २० ला १२ आणि २५ ला ४२ कॉलन्या. पाच मिनिटांत ३० वाढल्या, म्हणजे मिनिटाला ६. ही सरळ रेषा मागे नेली की १८ मिनिटांवर शून्याला टेकते. तोच लॅकचा प्रवेशकाळ. पहिली कॉलनी २० ला दिसली म्हणून वहीत २० लिहिणारे दरवर्षी भेटतात!

शून्य मिनिटाच्या प्लेटवरच कॉलन्या दिसल्या तर संशय एफ-मायनसच्या रिव्हर्टंटवर, म्हणजे म्युटेशन आपोआप उलटलेल्या पेशींवर, किंवा प्रतिरोधक झालेल्या एचएफआरवर घ्या. म्हणून दोन्ही जनक वेगवेगळे प्लेट करायचेच. घुसळणं कमी पडलं तर न तुटलेल्या जोड्या प्लेटवरही चालू राहतात आणि प्रवेशकाळ खोटाच लवकर दिसतो. माझी फजिती उलटी झाली होती. मेटिंग चालू असताना लाइट गेली, वॉटर बाथ गार पडला आणि सगळी जनुकं उशिरा आली. क्रम मात्र जागेवर होता. तेव्हापासून एखादं माहितीतलं जनुक मापपट्टी म्हणून त्याच फ्लास्कमध्ये धरतो.

खरं तर हे दोन रस्ते तितके वेगळे नाहीत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वोलमन आणि जाकोब यांनी १९५०च्या दशकात एचएफआर-एच वापरून थ्रिओनिन-ल्युसिनवर निवड केली आणि त्या कॉलन्यांत बाकीची जनुकं तपासली. अझाइड या विषाला दाद देणारं-न देणारं जनुक ९ मिनिटांच्या आसपास आलं, टी-१ या जिवाणूंच्या विषाणूचं, म्हणजे फेजचं, १० च्या, लॅक १८ आणि गॅल २५ च्या. पण त्यांचे आलेख पुढे सपाट होतात ते वेगवेगळ्या उंचीवर: साधारण ९०, ८०, ४० आणि २५ टक्के. ही उतरती उंची म्हणजेच ग्रेडियंट. म्हणून वेळ असेल तर मी इंटरप्टेडच करायला सांगतो, एका मेटिंगमध्ये दोन्ही पुरावे पदरात पडतात. नुसता क्रम हवा असेल आणि जनुकं दूरदूर असतील, तर ग्रेडियंटवर भागवा.

अझाइड आणि टी-१ सारखी शेजारची जोडी मात्र आपल्याकडच्या पाच मिनिटांच्या सॅम्पलिंगने सुटणार नाही. १०० कॉलन्यांत ९० आणि ८० हा फरकही काठावरचाच. दोन जनुकांत दोन मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल, तर एचएफआर ठेवून द्या आणि पी-१ ट्रान्सडक्शन करा, म्हणजे पी-१ फेजकरवी डीएनएचे तुकडे एका पेशीतून दुसरीत न्या. पी-१ च्या डोक्यात साधारण दोन मिनिटांएवढाच डीएनए मावतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटावरची जनुकं ४० टक्क्यांच्या आसपास वेळा एकत्र येतात आणि सव्वा मिनिटावरची फार तर पाच-सहा टक्के.