उपसूर्य की अपसूर्य: कोणत्या बिंदूच्या खात्यावर काय टाकावं?

पृथ्वीच्या कक्षेवरचा लेख वाचताना हे दोन शब्द जोडीनं येतात. उपसूर्य म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू आणि अपसूर्य सर्वांत लांबचा. पहिला जानेवारीच्या सुरुवातीला येतो, दुसरा जुलैच्या. उपसूर्यापाशी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं, अपसूर्यापाशी १५ कोटी २१ लाख. फरक ५० लाख किलोमीटरचा, पण एकूण अंतराच्या मानानं जेमतेम साडेतीन टक्के.

जास्त ऊन कोणत्या बिंदूपाशी, असं विचारलं तर निःसंशय उपसूर्यापाशी. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे तिथं ती अपसूर्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी जास्त भरते. मग उन्हाळा उपसूर्याचा म्हणायचा का? नाही. त्याच जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा असतो आणि दक्षिणेत उन्हाळा. ऋतू ठरवतो तो पृथ्वीच्या अक्षाचा २३.४ अंशांचा कल.

त्या सात टक्क्यांचं काय होतं, हा मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. उपसूर्यापाशी पृथ्वी सेकंदाला ३०.३ किलोमीटर वेगानं धावते, अपसूर्यापाशी २९.३ नं. म्हणून मार्च ते सप्टेंबर या दोन संपातांमधला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दोन दिवसांमधला, अपसूर्याकडचा प्रवास सुमारे १८६ दिवस चालतो आणि उरलेला अर्धा १७९ दिवसांत उरकतो. एकीकडे ऊन तीव्र पण दिवस कमी, दुसरीकडे ऊन सौम्य पण दिवस जास्त. सूर्याभोवती फिरण्याचा कोनीय वेगही अंतराच्या वर्गानुसारच घटत असल्यानं हिशेब तंतोतंत जुळतो: दोन्ही अर्ध्यांत साऱ्या पृथ्वीला मिळणारी एकूण ऊर्जा सारखीच!

गंमत म्हणजे संपूर्ण पृथ्वीचं सरासरी तापमान अपसूर्याच्या जुलैतच जास्त असतं, कारण जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि बरीचशी जमीन उत्तर गोलार्धात आहे.

तारखांच्या बाबतीत दोन्ही बिंदू सारखेच चंचल. उपसूर्य २०२० मध्ये ५ जानेवारीला आला, २०२४ मध्ये ३ जानेवारीला. पृथ्वी आणि चंद्र आपल्या सामायिक गुरुत्वमध्याभोवती फिरतात, त्यामुळे पृथ्वीचं केंद्र कक्षेच्या किंचित आत-बाहेर सरकतं आणि तारीख एखाद-दोन दिवसांनी हलते.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर एकाच बिंदूवर भागणार नाही. नुसत्या नजरेला सूर्याचं बिंब वर्षभर सारखंच दिसतं, शिवाय तसं पाहणं धोक्याचंही आहे. लेन्सपुढे सौर फिल्टर लावून, झूम न बदलता जानेवारीत आणि जुलैत एकेक फोटो घ्यावा. जानेवारीचं बिंब १००० पिक्सेलचं भरलं, तर जुलैचं साधारण ९६७ चं भरेल.