मेलमधून नाव, तारीख आणि रक्कम: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार म्हणून मेंटेनन्स भरल्याचे सभासदांचे मेल तक्त्यात उतरवण्याचे काम माझ्याकडे आहे. गेले सात महिने ते मी एका भाषा-मॉडेलकडून करून घेतो आहे. ‘साडेचार हजार काल टाकले’ अशा वाक्यातून 4500 काढणे त्याला सहज जमते, याचे मला खरोखर समाधान आहे. चुका होतात त्या वेगळ्याच जागी.

मे महिन्यात अमेरिकेत राहणाऱ्या एका सभासदाच्या मुलाने ‘Paid 4500 on 05/04’ असे कळवले. मॉडेलने 5 एप्रिल लिहिले, आणि तारीख सुबक दिसत असल्यामुळे मला शंकाही आली नाही. बँकेच्या विवरणपत्राशी ताळा करताना मात्र ती रक्कम 4 मे रोजी जमा झालेली आढळली. तेव्हापासून मॉडेलकडून मी तारखेचा अर्थ मागत नाही, मेलमधला मजकूर जसाच्या तसा मागतो:

```json
{"name": null, "date_raw": "05/04", "amount_raw": "4500"}
```

हा मजकूर मूळ मेलमध्ये अक्षरशः सापडतो का, हे आधी एक छोटी स्क्रिप्ट तपासते आणि मगच तारीख ठरवते. दोन्ही आकडे बारापर्यंतचे असतील, ते एकमेकांपेक्षा वेगळे असतील आणि मेलच्या `Date` शीर्षकात भारतीय वेळेचे `+0530` नसेल, तर ती ओळ माझ्याकडे येते. माहिती नसेल तेथे `null` लिहावे, ही सूचनाही स्पष्ट द्यावी लागली. एरवी मॉडेल मेल आल्याची तारीखच भरणा केल्याची म्हणून लिहून मोकळे होत असे.

रकमेचा घोळ बहुधा बँकेच्या फॉरवर्ड केलेल्या सूचनांमध्ये होतो, कारण तेथे भरलेल्या रकमेशेजारी खात्यातील शिल्लकही असते. अशा वेळी शिल्लकही मेलमध्ये अक्षरशः सापडते, म्हणून स्क्रिप्टची तपासणी येथे निरुपयोगी ठरते आणि बँकेशी ताळा करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

अचूकता मोजण्यासाठी मी शंभर मेलमधील माहिती मॉडेलचे उत्तर पाहण्याआधीच हाताने लिहून ठेवली होती, कारण उत्तर समोर असले की आपली नजर तेच बरोबर मानू लागते. टक्केवारी रकान्यानुसार वेगळी काढावी आणि पूर्ण बरोबर ओळींची त्याहून वेगळी. तिन्ही रकाने प्रत्येकी 95 टक्के बरोबर असतील आणि चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर पूर्ण बरोबर ओळी 86 टक्क्यांच्या आसपासच भरतात, आणि पावती तर पूर्ण ओळीवरूनच फाडायची असते.

नावाचा रकाना मात्र अजून मनासारखा झालेला नाही. पैसे जावई भरतो, मेल मुलगी लिहिते आणि सदनिका सासऱ्यांच्या नावावर असते. त्यामुळे मी आता सदनिका क्रमांक वेगळा मागवतो आणि नाव सभासद-नोंदवहीतून घेतो.